दाराने स्वतःला लावलं

दाजी शिडीवरून पडले तो मंगळवार होता, आणि त्यांनी स्वतःचा पाय मुद्दाम मोडला असं कंपनीने ठरवलं तो शुक्रवार. मधल्या दोन दिवसांत त्या पायाचं काय काय झालं हे धाकटीला जेवढं ठाऊक होतं तेवढं प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलासुद्धा नव्हतं. कारण दाजींचा जबाब इटालियनमध्ये लिहिला होता तिनेच.

धाकटी म्हणजे दाजींची मेहुणी, ताईची धाकटी बहीण. काचेच्या बरण्यांच्या ज्या कारखान्याच्या गोदामात दाजी कामाला होते, तिथेच ती दुभाषी होती. कारखान्याचे मालक इटलीत, कामगार इथले, आणि मध्ये ही. इकडचा मराठी कागद इटालियन करून तिकडे पाठवायचा, एवढंच काम. पण त्या कचेरीची एक रीत होती, आणि ती ज्याने काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. साहेबांना इटालियन येत नसे, आणि न वाचता सही करायची नाही हे त्यांचं व्रत. म्हणून धाकटीने केलेला इटालियन कागद भिंतीतल्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाई. तिथे उलटे मास्तर बसत. मूळ मराठी कागद त्यांनी बघायचा नाही, धाकटीशी बोलायचं नाही, फक्त इटालियनचं परत मराठी करायचं. ते उलटं मराठी साहेब वाचत आणि सही करत.

"मग मूळ कागदाचं काय?" असं धाकटीने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"मूळ कागद कालचा," साहेब म्हणाले होते. "कंपनीतून जे जातं तेच खरं."

आता दाजींचा जबाब ऐका. माणूस कमी बोलणारा, त्यात पायाला कळा. त्यांनी सांगितलं ते इतकंच. 'दिवा गेला. मी घाबरलो. शिडी घसरली आणि मी पडलो. पाय मोडला. वरची बरणी फुटली. मागचं दार लागलं, म्हणून हाक कुणाला गेली नाही. माणसं येईपर्यंत तिथंच बसलो. दार लागल्याचं लक्षात आलं नव्हतं.'

यात आक्षेप घ्यायला जागा आहे का? जे झालं ते झालं. आपल्याकडे दिवा जातो, दार लागतं, पाय मोडतो, आणि कुणी केलं म्हणून कुणी कुणाची मानगूट धरत नाही.

इटालियनमध्ये मात्र अशा ठिकाणी एक चिमुकला शब्द मध्ये येऊन बसतो. दिव्याला 'सि', दाराला 'सि', बरणीला 'सि', आणि बोलणारा मी असेन तर 'मि'. 'ला लूचे सि ए स्पेन्ता', दिवा गेला. 'ला पोर्ता सि ए क्यूझा', दार लागलं. 'मि सोनो रोत्तो ला गांबा', माझा पाय मोडला. धाकटीने अगदी तिथल्या माणसाने लिहावं तसं लिहिलं आणि कागद फटीत सरकवला.

पलीकडे उलट्या मास्तरांच्या टेबलावर काचेखाली एक तक्ता होता. त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात केलेला, बावीस वर्षांपूर्वीचा. मास्तर इटालियन शिकले ते एका फाटक्या पुस्तकावरून, आणि त्यातल्या या चिमुकल्या शब्दांच्या धड्यात एकच वाक्य होतं. 'मि लावो', मी स्वतःला धुतो. तेवढ्यावरून मास्तरांनी तक्त्यात ओळ घातली: मि, ति, सि, ची, वी म्हणजे स्वतः. खाली सही ठोकली. त्या दिवसापासून त्या ओळीबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नाही. माणूस इतका प्रामाणिक की कचेरीच्या पेनने घरचा हिशोबसुद्धा लिहीत नसे. असल्या प्रामाणिक माणसाच्या हातात चुकीचा तक्ता पडला की मग देवच वाली.

शुक्रवारी साहेबांनी उलटा जबाब वाचायला घेतला, तेव्हा धाकटी समोर उभी होती.

"दिव्याने स्वतःला विझवलं," साहेब वाचत होते. "मी स्वतःला घाबरवलं. शिडी घसरली आणि मी पडलो. मी स्वतःचा पाय मोडला. बरणीने स्वतःला फोडलं. दाराने स्वतःला लावलं. मी तिथे स्वतःला बसवलं. दाराने स्वतःला लावल्याचं मी स्वतःला, कंसात, शब्द सापडला नाही."

ते शेवटचं असं झालं होतं की 'लक्षात येणं' याला इटालियनमध्ये जे क्रियापद आहे ते जन्मापासून 'सि' घेऊनच येतं, त्याला सोडून राहतच नाही. दाजींच्या तोंडी त्याचा 'मि' झाला होता; मास्तरांनी नियमाप्रमाणे तो काढून बाजूला ठेवला आणि उरलेला तुकडा दिवसभर शब्दकोशात शोधला. तो कसा सापडणार?

साहेबांनी चष्मा काढला. "शिडी घसरली आणि तुमचे दाजी पडले, हा अपघात. कंपनीला मान्य आहे. पण पडून झाल्यावर त्यांनी स्वतःचा पाय मोडला, हे काही बरोबर नाही."

"साहेब, तसं नाहीये ते," धाकटी म्हणाली. "तिकडे पाय मोडला तरी 'मि' लागतो, हात धुतले तरी लागतो. आपण 'माझा पाय' म्हणतो ना, तिथे ते 'मला पाय' अशा थाटात बोलतात. मुद्दाम मोडला असा अर्थ तिकडे कुणीसुद्धा घेणार नाही."

"तुम्ही मेहुणी आहात," साहेब म्हणाले. "तुम्ही असं म्हणणारच."

"मी मेहुणी नसते तरी 'मि' लागलाच असता."

"महिनाअखेर फाइल तिकडे जाईल. स्वतःहून केलेली इजा असेल तर नाव कमी होतं, आणि राहती जागाही सोडावी लागते. नियम मी केलेला नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला खरी काळजी वेगळीच आहे. एकाच संध्याकाळी दिव्याने, बरणीने आणि दाराने स्वतःला असं करून घ्यावं? आपल्या गोदामात वातावरण इतकं वाईट आहे का?"

धाकटीला वाटलं साहेब थट्टा करताहेत. सोमवारी गोदामाच्या मागच्या दारापाशी खुर्ची टाकून एक समुपदेशक बाई बसलेल्या दिसल्या, तेव्हा तिला कळलं की नाही. बाई भल्या होत्या. दोन तास दारासमोर बसून त्यांनी अहवाल दिला की दार बोलत नाही, पण त्याला सतत कुणीतरी ढकलत असतं, हे चांगलं नव्हे. त्यावर दार उघडं ठेवण्यासाठी एक विटकर लावण्यात आली.

इकडे ताईच्या घरी कसले समुपदेशक आणि कसलं काय. दाजी पलंगावर, पाय उशीवर, आणि ताई भांडी अशी आपटत होती की शेजारच्यांना सगळं कळावं.

"सख्ख्या बहिणीने लिहिलं म्हणून निर्धास्त होते मी," ताई म्हणाली. "परक्याने लिहिलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पाय शिडीने नाही मोडला, तू मोडलास."

"ताई, मी लिहिलेलं बरोबर आहे गं."

"बरोबर आहे तर घर का जातंय?"

दाजी पलंगावरून म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? मी पडलो. बाकीचं सगळं झालं." ताई स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलायची बंद झाली. धाकटी चपला घालून जिना उतरली तेव्हा तिला रडू आलं. आईच्या माघारी ताईनेच तिला वाढवली होती, इटालियनच्या शिकवणीला सायकलवरून सोडायला तीच यायची.

आता हट्टाला पेटली धाकटी. जबाब दुरुस्त करायची मुभा होती, फक्त कागद त्याच रस्त्याने जायला हवा. तिने सगळे 'सि' आणि 'मि' उपटून काढले. 'मि' गेला की त्याच्याबरोबर 'सोनो'ही जातो आणि त्याच्या जागी 'ओ' येतो. 'ओ रोत्तो ला गांबा.' लिहिताना तिने ते दोनदा खोडलं, कारण हे वाक्य इटलीत कुणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं की या माणसाने टेबलाचा पाय तोडला. पण स्वतः हा शब्द तर गेला ना, म्हणून तिने पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी उलटं मराठी आलं. 'दिव्याने विझवलं. दाराने लावलं. बरणीने फोडलं. मी तो पाय मोडला.'

"तो म्हणजे कोणता?" साहेबांनी विचारलं.

"त्यांचाच हो."

"तसं लिहिलेलं नाही. मागच्या वेळी स्वतःचा होता, आता दुसराच कुणाचा तरी. आणि बरणीने काय फोडलं, तेही उघडं राहिलंय."

आणि काय सांगू, कारखान्यातले पाय मोजायचा हुकूम निघाला. दोन कारकून वही घेऊन तीन दिवस फिरले. टेबलांचे, खुर्च्यांचे, बाकांचे, माणसांचे, सगळे पाय. पहारेकरी गुडघ्याच्या दुखण्याने लंगडत होता, त्याची अर्धा दिवस चौकशी झाली. शेवटी उपाहारगृहात एक तीन पायांचं स्टूल सापडलं आणि कचेरीत आनंदीआनंद झाला. सुताराने येऊन शपथेवर सांगितलं की स्टूल तीन पायांचंच केलं होतं, तेव्हा कुठे दाजी सुटले. म्हणजे स्टुलाच्या पायातून सुटले. स्वतःच्या पायाचं प्रकरण होतं तिथंच होतं.

तिसऱ्यांदा तिने आणखी डोकं लढवलं. मोडणं वगळायचं आणि नुसती अवस्था सांगायची, 'ला गांबा ए रोत्ता'. उलटं आलं, 'पाय मोडलेला आहे.' साहेबांनी शांतपणे विचारलं, "केव्हापासून? आधीचाच मोडलेला असेल तर शिडीवर चढले कसे? नोकरीला लागताना हे लपवलं होतं का?"

धाकटीने तो कागद परत घेतला आणि पहिलाच जबाब, जसा होता तसा, पुन्हा फाइलमध्ये ठेवला. निदान तो खरा तरी होता. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर एक साधा फॉर्म आला. उलटे मास्तर महिनाअखेर निवृत्त होणार होते. निवृत्तांना आणि त्यांच्या बायकोला कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड मिळे, त्यासाठी तिकडे पाठवायचं निवेदन. मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ होती: 'आमचं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली.'

धाकटीने पेन उचललं आणि थांबली. लग्न होणं. आपल्याकडे पाऊस होतो तसं लग्नही होतं. इटालियनमध्ये दोघं ते करतात, आणि एकमेकांशी करतात म्हणून 'ची' लागतो. 'ची सियामो स्पोझाती.' उलटे कागद वाचून वाचून मास्तरांचा तक्ता तिला पाठ झाला होता. 'ची' म्हणजे पलीकडे काय होणार हे तिला लख्ख दिसत होतं. 'ही माझी पत्नी' एवढं साधं लिहून तिला मास्तरांना वाचवता आलं असतं. तिने नाही वाचवलं. बरोबर इटालियन लिहिलं, 'ची'सकट, आणि फटीतून सरकवताना तिचे कान तापले.

आता दुसरा कुणी असता तर स्वतःचाच कागद म्हणून काणाडोळा केला असता. मास्तरांनी तो नियमाप्रमाणे उलटा केला. पाणी पिऊन आले, परत वाचला, आणि खाली सही केली. 'एकतीस वर्षांपूर्वी आम्ही स्वतःशी लग्न केलं.'

साहेबांनी सही केली. चार दिवसांनी कार्ड आलं. त्यावर धारकाच्या जागी मास्तरांचं नाव होतं आणि पत्नीच्या जागीही मास्तरांचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत धाकटीच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. बावीस वर्षांत उलटे मास्तर दोन खोल्यांमधला व्हरांडा ओलांडून कधी आले नव्हते. बुटके, इस्त्रीचा शर्ट, हातात ते कार्ड.

"बाई, नियम मोडून आलोय," ते म्हणाले. "बसू का?"

"बसा ना मास्तर."

"काल हे घरी नेलं. हिने चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, असू दे, नाहीतरी एकतीस वर्षं तुमचं तुमच्याशीच चाललंय." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "मग आत जाऊन झोपली. मी बाहेर बसून राहिलो. तो 'ची' तुम्ही का घातलात?"

"कारण तिथे तोच लागतो. त्याचा अर्थ स्वतःशी नाही होत मास्तर. एकमेकांशी."

"एकमेकांशी," मास्तर म्हणाले. ते त्या शब्दाकडे, म्हणजे समोरच्या भिंतीकडे, बघत बसले. "माझ्या पुस्तकात फक्त धुण्याचं वाक्य होतं हो. मी स्वतःला धुतो."

"ते बरोबरच आहे. तिथे स्वतःला. भेटलो, भांडलो, लग्न केलं, तिथे एकमेकांना. आणि दार लागलं, दिवा गेला, तिथे आपोआप. कुणी केलं ते सांगायचंच नसतं. काही ठिकाणी तर अर्थच नसतो, क्रियापदाला तो चिकटूनच येतो. लक्षात येतं, लाज वाटते, पश्चात्ताप होतो, तिथे त्याला वेगळं काढायचं नाही."

"आणि पाय?"

"पाय मोडला. एवढंच. कुणाचा, ते फक्त त्या 'मि'वरून कळतं."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. "मी त्या माणसाला बेघर करत होतो."

"मला माहीत होतं तुमच्या कार्डाचं काय होईल," धाकटी म्हणाली. "मला वळसा घालून लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. मला माफ करा."

"तुम्ही बरोबर लिहिलंत," मास्तर म्हणाले, "तेवढी शिक्षा पुरे आहे मला." आणि ते उठून गेले.

तक्ता बदलायचा तर ज्याची सही त्यानेच बदलायचा, असाही एक नियम होता, आणि कचेरीतला तो पहिला उपयोगी नियम निघाला. मास्तरांनी काच उचलली. 'स्वतः'च्या खाली लिहिलं: 'एकमेकांना.' त्याखाली: 'आपोआप.' त्याखाली, जरा विचार करून: 'नुसतंच.' तारीख टाकली, सही केली, आणि दाजींचा जबाब पुढ्यात ओढला.

दुपारी मास्तर स्वतः नवा कागद घेऊन साहेबांसमोर आले. दिवा गेला. मी घाबरलो. शिडी घसरली आणि मी पडलो. माझा पाय मोडला. वरची बरणी फुटली. मागचं दार लागलं.

साहेबांनी तीनदा वाचला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मूळ कागद मागवला आणि शेजारी ठेवला.

"हे तर पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं," ते म्हणाले.

"होय साहेब," मास्तर म्हणाले. "पण तेव्हा ते कालचं होतं."

साहेबांनी सही केली. मास्तरांच्या बायकोच्या नावाचं कार्डही नव्याने मागवलं. विटकर मात्र दारापाशी तशीच राहिली, कारण ती काढायचा अर्ज कुणी करायचा हे ठरलं नाही.

संध्याकाळी धाकटी ताईकडे गेली. सांगून होईपर्यंत ताई पदराशी चाळा करत उभी होती. मग म्हणाली, "तू लिहिलेलं बरोबर होतं म्हणजे."

"होतं."

"मी फार बोलले तुला."

"बोललीस."

"जेवूनच जा," ताई म्हणाली आणि तिने एक ताट जास्त मांडलं.

नोकरी राहिली, पण प्लास्टरचा पाय घेऊन गोदामात करणार काय? दाजींना बसून काम द्यायचं ठरलं, आणि बसून करायची एकच जागा रिकामी होत होती. धाकटीने साहेबांना सांगून बघितलं की दाजींना इटालियन येतं ते यंत्र बसवायला तिकडून आलेल्यांच्या शिव्यांपुरतं. साहेब म्हणाले, "तक्ता आहे ना?"

तर शेवटच्या दिवशी सकाळभर मास्तरांनी दाजींना शेजारी बसवून शब्दकोश कसा धरायचा ते दाखवलं. दुपारी स्वतःचा निरोपाचा कागद लिहिला, दोन शब्दांचा. 'मी निघतो.' धाकटीने त्याचं इटालियन केलं, 'मे ने वादो', आणि या वेळी फटीतून न देता मास्तरांना आधी दाखवलं.

"नुसतं 'वादो' म्हणजे जातो ना?" मास्तरांनी विचारलं. "मग हे पुढचे दोन कशाला?"

"'ने' म्हणजे इथून. आणि 'मे', तुमच्या तक्त्यातला तो चौथा. नुसतंच."

मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं. "नुसतंच नाही वाटत हो मला. जाणाऱ्याचं त्यात काहीतरी आहे."

धाकटीने कागद फटीतून सरकवला. पलीकडे शब्दकोशाची पानं उलटत राहिली. एकदा दाजींचा आवाज आला, "धाकटे, हे 'मे' तक्त्यात नाहीये, 'मि' आहे," आणि ती म्हणाली, "तोच तो दाजी, 'ने'जवळ बसला की 'मे' होतो." मग पेनाची कुरकुर.

साहेबांनी उलटा कागद वाचला. मोठं, वाकडंतिकडं अक्षर होतं. 'मी इथून निघतो आहे, आणि माझं मला कसंसंच होतंय.'

"मूळ कागदात एवढं होतं?" साहेबांनी विचारलं.

मास्तर दाराशी उभे होते, हातात डबा आणि छत्री. धाकटीने मूळ कागदाची घडी घातली.

"जे जातं तेच खरं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली.